तेरा वर्षांचं काम आणि पाचशे शब्दांचा सारांश

प्रश्न: "नमस्कार. मी कळंब तालुक्यात १३ वर्षं गावपातळीवर काम करते. बचत गट, पाणलोट, शाळाबाह्य मुलं, दुष्काळात चारा छावणी, शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबं, सगळं केलंय. एका फेलोशिपसाठी ५०० शब्दांत अनुभवाचा सारांश आणि 'तुम्ही ज्या एका समस्येवर काम करणार ती' असं मागितलंय. तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा कामांची यादीच झाली. १३ वर्षं एका समस्येत कशी बसवू?"

ताई, बसवायला जाऊ नका, तिथेच गाडी अडते. तेरा वर्षं तेरा वर्षंच राहू द्या. सारांशात फक्त एवढं दिसलं पाहिजे की, ही अमुक समस्या तुम्हाला दिसली ती तुम्ही इतकी वर्षं त्या गावांत होतात म्हणून, आणि दोन वर्षांपूर्वी आलेल्या कार्यकर्त्याला ती दिसली नसती. अनुभव हा तुमच्या पात्रतेचा दाखला म्हणून लिहिला की यादी होते. तोच समस्येचा पुरावा म्हणून लिहिला की नव्वद टक्के कामं आपोआप गळून पडतात, कारण त्या समस्येबद्दल ती काहीच सांगत नाहीत. गळून पडली म्हणजे ती वाया गेली असं नाही. ती अर्जाच्या दुसऱ्या रकान्यात जातील.

मी परभणी जिल्ह्यात २४ वर्षं काम करते आहे आणि गेली काही वर्षं एका फेलोशिपच्या निवडीसाठी अर्ज वाचते. त्या अनुभवावरून लिहिते. काही गोष्टी तुमच्या फेलोशिपवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. ती संशोधनासाठी असेल तर समस्येचा शेवट प्रश्नात झाला तरी चालतो. प्रत्यक्ष कामासाठी असेल तर एका माणसाच्या हातून वर्ष-दोन वर्षांत काय हलेल हे दिसावं लागतं. संस्थेला मिळणारा निधी असेल तर "आम्ही" लिहा. व्यक्तीला मिळणारी असेल तर "मी" लिहायचा संकोच सोडा. आपल्याकडे "मी केलं" म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून लोक "संस्थेच्या माध्यमातून राबवण्यात आले" असं लिहितात आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की ही बाई नेमकं काय करत होती.

आता पद्धत. ती एका उदाहरणातूनच सांगते, कारण नुसती सांगितली तर पटत नाही.

माझी एक सहकारी पाथरी तालुक्यात ११ वर्षं काम करत होती. तुमच्यासारखंच, गट, शाळा, दुष्काळ, सगळं. तिच्या मसुद्याचं पहिलं वाक्य होतं, "गेली ११ वर्षे मी ग्रामीण भागातील महिला, बालके व शेतकरी यांच्या सर्वांगीण विकासासाठी कार्यरत आहे." या वाक्यात खोटं काही नाही, पण त्यात पाथरी नाही, ती नाही आणि समस्याही नाही. मी तिला म्हटलं, मसुदा बाजूला ठेव, तुझ्या वह्या आण. गटांची हजेरी वही, भेटींच्या डायऱ्या, आणि ज्यात लोकांचे मोबाईल नंबर आणि "उद्या तहसील" असलं काहीबाही खरडलेलं असतं ती तिसरी वही. सगळ्यात कामाची तीच निघाली.

दोन दिवस आम्ही एकच गोष्ट शोधत होतो. रिकाम्या हाताने परत आल्याच्या नोंदी. यशाच्या नोंदी शोधायच्या नाहीत, कारण त्या वेगवेगळ्या योजनांच्या असतात आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नसतो. अपयशं मात्र फिरून फिरून एकाच दारात येऊन थांबतात. प्रत्येक नोंदीची एक चिठ्ठी केली. पीक कर्जाला गेलो, बँकेने परत पाठवलं. पीएम किसानचा हप्ता बंद झाला. अतिवृष्टीची मदत आली पण दुसऱ्याच्या खात्यात गेली. ई-पीक पाहणीत पीक नोंदवता येईना. आत्महत्येच्या एका प्रकरणात शासनाची १ लाखाची मदत, म्हणजे ३० हजार रोख आणि ७० हजारांची ठेव, अपात्र ठरली. कागदावर पाहिलं तर ही पाच खाती, पाच योजना. चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या तेव्हा दिसलं की बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: नवरा गेलेला आहे आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव नाही.

इथे बहुतेक जण थांबतात आणि "विधवांचे जमीन हक्क" असं शीर्षक देऊन मोकळे होतात. ते अजून विषयाचं नाव आहे, समस्या झालेली नाही. विषयावर परिसंवाद होतो. समस्या अशी असावी लागते की उद्या तुम्ही एखाद्या घरात गेलात तर ती तिथे आहे की नाही हे अर्ध्या तासात सांगता आलं पाहिजे.

म्हणून पुढची पायरी केली. तिच्या १४ गावांतल्या गटांमध्ये, तिच्या कामाच्या काळात नवरा वारला अशा ३१ बायका निघाल्या. त्यांचे तीन ढीग केले. नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर जमीन होती अशा १७. जमीन सासऱ्याच्याच नावावर, सासरा हयात, अशा ९. आणि भूमिहीन ५.

हे तीन ढीग तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण कार्यकर्ते ते एकत्र कालवतो म्हणून आपला सारांश पातळ होतो. सासरा जिवंत आहे आणि जमीन त्याच्या नावावर आहे, तिथे तलाठ्याकडे करण्यासारखी वारस नोंदच नसते. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिश्श्याचा दावा सांगता येतो, पण समजुतीने वाटणी झाली नाही तर तो रस्ता दिवाणी कोर्टाचा आहे, वर्षानुवर्षांचा आहे आणि फेलोशिपच्या मुदतीत एकटी कार्यकर्ती तो पुरा करू शकत नाही. भूमिहीन बाईची गोष्टच निराळी. राहिला पहिला ढीग. नवऱ्याच्या नावावर जमीन होती, तो मृत्युपत्र न करता गेला. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. बाप त्यात येत नाही. गावात मात्र पक्की समजूत असते की आधी म्हाताऱ्याचं नाव लागतं, मग पुढचं बघू. मुस्लिम कुटुंबांत हिस्से वेगळे, तिथे मुलं असतील तर बायकोचा आठवा हिस्सा आणि नसतील तर चौथा. आपल्या मराठवाड्यात हे वेगळं धरूनच लिहावं लागतं.

कायदा इतका स्पष्ट असताना त्या १७ पैकी वर्षाच्या आत वारस नोंद झालेल्या किती होत्या? चार. उरलेल्या १३ जणींपैकी काहींची पाच-सहा वर्षांनी झाली, काहींची अजून नाही.

या टप्प्यावर सहकारीने लगेच लिहिलं, "जनजागृतीच्या अभावामुळे". मी ते खोडायला लावलं. ताई, तुमच्या मसुद्यातही हे दोन शब्द असतील तर खोडा. दर दहा अर्जांत सात-आठ ठिकाणी ते असतात आणि जवळजवळ कुठेही खरे नसतात. आम्ही त्या १३ पैकी आठ जणींना परत भेटलो. सगळ्यांना माहीत होतं की नाव लावून घ्यावं लागतं. मग? एका घरी गेलो तेव्हा बाई ज्वारीच्या कणसांचा ढीग सावलीत ओढत होती. कागद विचारले तर आतून एक पिशवी घेऊन आली, मेडिकल दुकानाची. तिच्यात मृत्यूचा दाखला होता, जुना सातबारा होता, रेशन कार्डाची झेरॉक्स होती, आणि आम्हीच काही वर्षांपूर्वी मेळाव्यात वाटलेला वारस नोंदीचा अर्ज होता, कोरा, चार घड्या घातलेला. म्हटलं, भरला का नाहीस? तर म्हणाली, "भरला असता ओ ताई, पण भाऊजी शेत करत्यात. नाव मागितलं तर म्हणतील वाटणी मागायली. मग पेरणी कुणी करायची, अन् लेकरांचं कोण बघायचं?"

हे वाक्य सहकारीच्या डायरीत पूर्वीही तीन वेळा, तीन वेगवेगळ्या गावांतल्या बायकांच्या तोंडी लिहिलेलं होतं. तिने ते लिहून ठेवलं होतं आणि पुढे गेली होती. अकरा वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा. उत्तर आपल्याच वहीत पडलेलं असतं, आपण त्याला प्रश्न विचारलेला नसतो.

तर खरी अडचण ही निघाली: घरात वारस नोंद आणि वाटणी या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. प्रत्यक्षात वारस नोंद झाल्याने जमिनीचे तुकडे होत नाहीत. सगळ्या वारसांची नावं एकत्र लागतात, शेत जो करत होता तोच करत राहू शकतो. वाटणी हा नंतरचा, स्वतंत्र विषय. पण हे समजावून सांगायची वेळ फार थोडी असते. पहिल्या काही महिन्यांत घर दुःखात असतं, कुणाच्या मनात किल्मिष नसतं. पुढचा पेरा तोंडावर आला की दिराचा हिशोब सुरू होतो, बाईचं माहेर मध्ये पडतं आणि मग त्याच अर्जाकडे भांडणाचा कागद म्हणून पाहिलं जातं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. घरं म्हणतात, "वर्षश्राद्ध होऊ दे." त्या वर्षातच सगळं फिरतं.

आता चार यशस्वी नोंदींकडे आलो. त्या चौघींत समान काय होतं? शिक्षण नाही, गटातली बचत नाही, माहेरचा जोर नाही. चारपैकी तिघींच्या बाबतीत तलाठ्याकडे सासू बरोबर गेली होती. आम्हाला आधी योगायोग वाटला. मग लक्षात आलं की सासू स्वतःच वारस आहे. मुलाच्या जमिनीत तिचंही नाव लागतं. हे जिथे कळलं तिथे अर्ज "सुनेचा" राहिला नाही, घरातल्या म्हातारीचा झाला, आणि दिराला आईच्या नावाला आडवं जाता आलं नाही. यातल्या एका सुनेला आम्ही नंतर मसुदा वाचून दाखवला तर म्हणाली, "आत्याबाईंचं पण लिवा त्यात. त्या आल्या म्हणून झालं."

बघा, आता सारांश कसा आपसूक उभा राहतो. विधवांचे प्रश्न, मग जमीन, मग नवऱ्याच्या नावावरची जमीन, मग मृत्यूनंतरचं पहिलं वर्ष, मग वारस नोंदीला वाटणी समजलं जाणं. आणि शेवटी हे की, त्या पहिल्या काही महिन्यांत त्या घरात जाऊन सासूशेजारी बसून दाखला आणि सातबारा मागण्याची मुभा कोणाला असते? बाहेरून आलेल्या वकिलाला नसते, तलाठ्याला तर नाहीच. जिने त्या सासूला २०१६ साली टँकरच्या रांगेत पाहिलं होतं आणि सुनेच्या गटाचा हिशोब सात वर्षं लिहिला होता, तिला असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दुष्काळातलं काम आणि बचत गट सारांशात आले, पण कामांची यादी म्हणून आले नाहीत. त्या दारातून आत जाता येतं याचं कारण म्हणून आले.

तिच्या अंतिम मसुद्यातला एक परिच्छेद तिच्या परवानगीने देते, गावाचं नाव काढून:

"माझ्या १४ गावांत गेल्या ११ वर्षांत गटांतील ३१ महिलांचे पती वारले. त्यांपैकी १७ जणींच्या पतीच्या नावावर जमीन होती. वर्षाच्या आत वारस नोंद झाली ती चौघींची. सुरुवातीची दोन वर्षे मी मेळावे घेतले आणि अर्ज वाटले. त्यातून एकही नोंद झाली नाही. महिलांना माहिती होती, पण नाव लावणे म्हणजे वाटणी मागणे असे घरात समजले जाते, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. यशस्वी चारपैकी तीन घरांत सासू सोबत होती, कारण ती स्वतःही वारस आहे. मला मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत, सासू-सून दोघींचा एकत्र अर्ज करून घेण्याचे काम करायचे आहे. सासऱ्याच्या नावावर जमीन असलेली घरे मी या कामात घेणार नाही, कारण तिथला मार्ग वेगळा आणि कोर्टाचा आहे."

यातली दोन वाक्यं निवड समितीत सगळ्यांनी उचलून धरली. पहिलं, "त्यातून एकही नोंद झाली नाही." दुसरं, "मी या कामात घेणार नाही." आपण अपयश लपवतो आणि मर्यादा सांगायला घाबरतो. पण वाचणाऱ्याला नेमकं त्यातूनच कळतं की बाईने काम केलेलं आहे. ज्याने केलेलं नसतं त्याला काय जमलं नाही हे माहीतच नसतं.

समस्या नेमकी असली की मुलाखतीतले प्रश्नही नेमके येतात. त्यांची तयारी सारांशातच दिसावी. तिला पहिला प्रश्न आला तो "जिवंत सातबारा" मोहिमेचा. २०२५ च्या एप्रिल-मे मध्ये शासनाने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याची मोहीम राज्यभर घेतली. मग तुमची गरज काय, असं विचारलं. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला शासनाला नावं ठेवून उत्तर द्यायचं नसतं. तिने उत्तर दिलं की, मोहीम जुना साठा उपसते आणि ते चांगलंच आहे. माझ्या गावांत पुढच्या महिन्यात जो माणूस जाईल त्याच्या घरचं पहिलं वर्ष मोहिमेच्या तारखांवर चालत नाही. तुमच्या विषयातही अशी एखादी योजना किंवा मोहीम नक्की असेल. तिचं नाव सारांशात एका वाक्यात घ्या आणि ती कुठे पोचते, कुठे पोचत नाही हे सांगा. योजनेचा उल्लेखच नसेल तर वाचणाऱ्याला वाटतं तुम्हाला माहीतच नाही.

दुसरा प्रश्न आला कामाच्या पायऱ्यांचा. इथे तिचा हात कोणी धरू शकलं नाही, कारण प्रत्येक पायरीला काय बिघडतं हे तिला पाठ होतं. मृत्यू जिथे झाला तिथे त्याची नोंद होते, गावात नाही. माणूस नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला सरकारी दवाखान्यात वारला तर दाखला तिथून आणावा लागतो, आणि २१ दिवसांत खबर दिली नाही तर पुढे विलंबाची कागदपत्रं वाढत जातात. मग दाखल्यावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही, एकीकडे "बाबू" तर दुसरीकडे "बाबुराव". मग तलाठी, ज्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, ते वारसांची चौकशी करून नोंदवहीत घेतात, फेरफार धरतात, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. नाव खरं लागतं ते शेवटच्या पायरीला. अर्जाची पोच मिळाली की बायकांना वाटतं झालं काम, आणि फेरफार हरकतीत किंवा त्रुटीत पडून राहतो. आणखी एक गोष्ट, मुलं लहान असतील तर कधीकधी नावं मुलांची लागतात आणि आईपुढे "अ.पा.क." लागतं, म्हणजे अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून. बाईला वाटतं माझं नाव लागलं. प्रत्यक्षात वारस म्हणून तिचं नाव लागलेलंच नसतं. हे ओळखायचं असेल तर सातबारा हातात घेऊन तिच्या नावाशेजारी काय लिहिलंय ते वाचावं लागतं, ऐकून भागत नाही.

हे सगळं ५०० शब्दांत लिहायचं नाही. यातली एकच पायरी लिहा, जिथे सगळ्यात जास्त घरं अडकतात ती. बाकीच्या तुमच्याकडे आहेत हे त्या एका पायरीच्या तपशिलावरूनच कळतं.

आता तुमच्याबद्दल. मी दिलेला विषय उचलू नका. तुमच्या चिठ्ठ्या वेगळ्या दारात थांबतील. कळंब, वाशी, भूम या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत, तेव्हा तुमच्या शाळाबाह्य मुलांच्या आणि गटाच्या नोंदी कदाचित दिवाळीनंतरच्या एकाच आठवड्यापाशी जाऊन थांबतील, टोळी निघते त्या आठवड्यापाशी. किंवा आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या कामात पात्र-अपात्रच्या यादीपाशी. मला इथे बसून सांगता येणार नाही. एवढं मात्र सांगते की, पाणलोटाचं काम आणि शाळेचं काम एकाच भिंतीला लागलेलं दिसलं तर तीच तुमची समस्या समजा, आणि ती तुमच्या आवडत्या विषयातली नसली तरी तीच घ्या. माझ्या सहकारीला शिक्षणावर लिहायचं होतं. चिठ्ठ्या जमिनीच्या निघाल्या.

आणि एखादी भिंत दिसलीच नाही तर? तसंही होतं. मग बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर नोंदी नाहीत, सगळं डोक्यात आहे. तेव्हा पाच-सहा घरी परत जा आणि "त्या वेळी काम का झालं नाही" एवढंच विचारा, नवीन काही आश्वासन देऊ नका. नाहीतर तुम्ही दरवर्षी प्रकल्प बदलला तशी गावंही बदलत गेली, कुठल्याही गावात सलग राहिला नाहीत. मग १३ वर्षांचा दावा न करता ज्या तीन-चार गावांत सगळ्यात जास्त राहिलात तेवढ्यांचंच लिहा. चार गावांची खरी सात वर्षं ही ऐंशी गावांच्या तेरा वर्षांपेक्षा जड असतात, आणि वाचणाऱ्याला ते जाणवतं.

शब्दांचा हिशोब विचाराल तर मी साधारण असा धरते. समस्या कशी दिसली यासाठी २०० शब्द, आणि त्यात तुमचा अनुभव आपोआप येतो. काय करून पाहिलं आणि काय फसलं यासाठी १००. नेमकी समस्या, कोणाची, कधी, कुठे अडते, यासाठी १००. उरलेल्या शंभरात काय करणार आणि काय करणार नाही. पुरस्कार, प्रशिक्षणं, समित्यांवरची पदं यांना या ५०० शब्दांत एकही जागा नाही. आकडे लिहाल ते तुमच्या वहीतले लिहा. राज्याचे, देशाचे आकडे समितीकडे असतात, तुमच्या गावांचे नसतात. "शेकडो महिला" लिहू नका, मोजा आणि "३१" लिहा. आकडा लहान दिसतो म्हणून घाबरू नका.

कोणत्याही बाईचं नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील सारांशात घालू नका, विशेषतः आत्महत्येच्या घरांचा. असे अर्ज किती हातांतून जातात याचा आपल्याला अंदाज नसतो आणि तालुका लहान असतो. ज्यांच्या गोष्टीवर समस्या उभी आहे त्यांना तो परिच्छेद वाचून दाखवा. त्या म्हणाल्या "असं नव्हतं झालं", तर अर्जाची तारीख जवळ असली तरी बदला.

मसुदा पक्का करण्याआधी एकदा तलाठ्याला किंवा ज्या कार्यालयाशी तुमची समस्या येते तिथल्या माहीतगार माणसालाही वाचून दाखवा. माझ्या सहकारीच्या मसुद्यात आधी "तलाठी नोंद घेत नाहीत" असं होतं. त्यांनी शांतपणे त्यांचं रजिस्टर काढलं आणि दाखवलं की तिच्या १७ पैकी ९ घरांतून अर्जच आला नव्हता. ते वाक्य गेलं, आणि "घरातून अर्जच बाहेर पडत नाही" हे वाक्य आलं.